खारीच्या एक्केचाळीस फ्रेम

स्टुडिओत त्यांना सगळे थांबाताई म्हणायचे. पाठीमागे नाही, तोंडावरच. एखादं चित्र पडद्यावरून लवकर काढा असं कुणी सुचवलं की त्या मागे न वळता डावा हात वर करायच्या आणि म्हणायच्या, "थांबा." मग ते चित्र पुन्हा चालवायच्या. पुन्हा एकदा. बहुतेक वेळा सुचवणाराच म्हणायचा, राहू द्या, बरोबर आहे.

त्यांचं काम होतं अ‍ॅनिमॅटिक बांधायचं. चित्रकार आधी अख्खी फिल्म कागदावर कच्ची काढतो. पेन्सिलीच्या चार रेघा, गोल डोकं, बाण काढून दाखवलेली हालचाल. ती शेकडो चित्रं ताई संगणकावर एकामागून एक लावायच्या आणि कुठलं चित्र किती वेळ दिसणार ते ठरवायच्या. एका सेकंदाच्या चोवीस फ्रेम. हे चित्र अठरा फ्रेम, ते बत्तीस, इथे नुसती शांतता. खाली कच्चे आवाज. ते चालवून पाहिलं की फिल्म तयार होण्याआधीच तिची चाल कळते. कुठे धावते, कुठे रेंगाळते. हे आधीच कळावं लागतं, कारण एकदा का खरं अ‍ॅनिमेशन सुरू झालं की चांगला अ‍ॅनिमेटर दिवसाला तीन-चार सेकंद हलवतो. त्यातले दहा सेकंद नंतर कापायचे म्हणजे कुणाचे तरी तीन दिवस कचऱ्यात.

ताईंकडे एक जुनं स्टॉपवॉच होतं. चित्रातलं पात्र दार उघडून आत येत असेल तर त्या उठायच्या, एडिटच्या खोलीचं दार खरंच उघडून आत यायच्या आणि अंगठा दाबायच्या. पन्नाशी ओलांडलेली, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई, कधी बदकासारखी चालतेय, कधी खुर्चीवरून उडी मारतेय. नवीन माणूस दारातच थबकायचा. आम्हाला सवय होती.

मी ध्वनीच्या कामाला होते. येणारे आवाज साफ करायचे, नावं द्यायची, जागेवर ठेवायचे. तांत्रिक पदवी घेऊन आले म्हणून ताईंनी माझं नाव इंजिनीअर ठेवलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला धंद्यातली एक गोष्ट सांगितली.

"हे बघ इंजिनीअर, आपण चित्र शंभरदा पाहिलेलं असतं. म्हणून आपल्याला सगळंच हळू वाटायला लागतं. हात शिवशिवतो, काप, काप. बघणारा मात्र पहिल्यांदाच बघत असतो. तेव्हा हळू वाटलं ना, की आधी स्वतःवर संशय घ्यायचा. चित्रावर नाही."

मी ते वहीत लिहून घेतलं होतं.

कच्चे आवाज म्हणजे तात्पुरते. खरे कलाकार शेवटी येतात. तोवर कुणीतरी संवाद नुसते वाचून द्यायचे, म्हणजे चित्रांना वेळ लावता येतो. बाकीच्या स्टुडिओत हे काम जो मोकळा सापडेल तो करतो. आमच्याकडे सात वर्षं एकच माणूस करत होता, ताईंचा नवरा. आमचे भाऊजी. चष्म्याच्या कारखान्यात ते भिंगं घासायचे. घरी कपाट उघडून, लोंबणाऱ्या कपड्यांत डोकं खुपसून ते आवाज द्यायचे, कारण कपड्यांत आवाज घुमत नाही. राजा तेच, उंदीर तेच, सासूही तेच. ताई बाहेर पलंगावर बसून रेकॉर्डर धरायच्या. भाऊजी एकदा स्टुडिओत आले होते तेव्हा म्हणाले, "लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, हिने माझं ऐकलं ते फक्त कपाटात कोंडल्यावर."

त्या वर्षीची फिल्म एका म्हाताऱ्या अस्वलाची आणि एका खारीची होती. गोठलेली नदी ओलांडायची आणि बर्फ वितळायला लागलेला. अस्वल संथ बोलणारं, खार तडतडी. बरोबर बावीस मिनिटांची फिल्म, कारण वाहिनीने तेवढीच जागा दिली होती. तीन अंक, पटकथा तुकड्यातुकड्यांनी यायची, त्यामुळे पहिल्या अंकाचे आवाज एकदा घरी झाले, दुसऱ्याचे सात महिन्यांनी, तिसऱ्याचे आणखी सात महिन्यांनी.

तिन्ही अंक जोडून आम्ही चाचणीला बसलो. ताईंची पद्धत अशी, की चाचणीला फिल्मशी संबंध नसलेली माणसं हवीत. स्वागतकक्षातली मुलगी, साफसफाईच्या मावशी, हिशेबखात्यातले दोघं. ताई पडद्याकडे पाठ करून भिंतीला टेकायच्या आणि या लोकांचे चेहरे बघायच्या. कोण कधी हलतं ते वहीत टिपायच्या.

पहिल्या अंकाला मावशी हसल्या. दुसऱ्यात कुणीतरी खोकलं. तिसरा अंक सुरू झाला आणि चौथ्या मिनिटाला हिशेबखात्यातल्या एकाने खिशातून फोन काढला. मग दुसऱ्याने. स्वागतकक्षातली मुलगी सभ्य होती, तिने फक्त नखं बघितली. पडद्यावर बर्फ फुटत होता, खार जिवाच्या आकांताने पळत होती, आणि खोलीत बसस्टॉपवरचा कंटाळा भरला होता.

दिवे लागले. एकूण लांबी चोवीस मिनिटं दहा सेकंद.

दिग्दर्शक ताईंहून वीस वर्षांनी लहान. एकेकाळी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. सगळे गेल्यावर तो म्हणाला, "ताई, थांबे कापा. दोन मिनिटं दहा सेकंद काढायचीच आहेत."

"थांब्यांत काही नाही रे."

"मग कशात आहे?"

ताई वहीतल्या खुणा पुन्हा चाळत राहिल्या. उत्तर शोधताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

"तुम्हाला हळू वाटलं नाही?" त्याने विचारलं.

"वाटलं ना. महिनाभर वाटतंय. मला वाटलं, फार वेळा बघितलं म्हणून."

तो टेबलाच्या कडेवर नख घासत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "शुक्रवारी लॉक करायचंय, मग एक फ्रेमही बदलता येणार नाही. सोमवारी अ‍ॅनिमेटर बसणार. बुधवारपर्यंत नाही सापडलं तर तिसरा अंक मी दुसऱ्याला देतो. राग मानू नका. पुढची फिल्मही मग तोच..." वाक्य त्याने तसंच सोडलं.

"मानत नाही," ताई म्हणाल्या. "मीच शिकवलंय तुला, भीड ठेवायची नाही म्हणून."

सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून अंक काढून घेतलेला नव्हता. त्या दिवशी त्या डबा न उघडता बसल्या.

मी मंगळवारी सकाळी लवकर आले. मला वाटलं, हे तर मोजमापाचं काम आहे, सापडेलच. तिन्ही अंकांतले नुसते थांबे वेगळे काढले. संवाद संपल्यापासून पुढचं चित्र येईपर्यंतचा वेळ. तिन्हीकडे सरासरी सारखीच. ताईंचा हात कुठेही घसरला नव्हता. नुसत्या हालचालीची चित्रं मोजली. तीही ठीक. मग उरले संवाद.

ताईंची रीत आवाज आधी, चित्रं नंतर अशी होती. संवाद ओळीने मांडायचे आणि त्यांच्या लांबीवर चित्रं ताणून बसवायची. म्हणजे संवाद लांबला तर चित्र मुकाट्याने लांबतं, आणि थांबे मोजणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

खारीचं एक वाक्य तिन्ही अंकांत येत होतं. "चल चल चल, बर्फ तडकतोय." मी तिन्ही ठिकाणची ती फाइल उचलली आणि एकाखाली एक लावली. पहिल्या अंकात एक्केचाळीस फ्रेम. दुसऱ्यात एकोणपन्नास. तिसऱ्यात चौसष्ट.

पहिला संशय मला यंत्राचा आला. रेकॉर्डर एका मापाने भरतो आणि संगणक दुसऱ्या मापाने वाचतो, असं झालं तर आवाज लांबतो. पण मग तो जाडही होतो. इथे सूर तोच होता. मी अस्वलाची वाक्यं तपासली, तीही लांबलेली. सगळे संवाद पहिल्या अंकाच्या वेगाने किती लांब झाले असते ते काढून वजा केले तर तिसऱ्या अंकात दीड मिनिट जास्त निघालं, दुसऱ्यात चाळीस सेकंद. दोन मिनिटं दहा सेकंद. हिशोब सेकंदाला सेकंद जुळला होता.

मी खूश होते, हे लपवण्यात अर्थ नाही. ताई आल्या आल्या मी त्यांना पर्स ठेवू दिली नाही.

"ताई, सापडलं. तुमची चूकच नाही. भाऊजी हळू बोललेत."

पडद्यावर आवाजाच्या तीन पट्ट्या होत्या, एकाखाली एक. सगळ्यात वरची आखूड आणि टोकदार. खालची लांब, तिची टोकं बोथट, दोन शब्दांमधली फट बुजलेली.

"वाजव," ताई म्हणाल्या.

मी तिन्ही वाजवली. एकामागोमाग एक ऐकताना मलाही प्रथमच कळलं. तिसऱ्या वेळी 'चल' नीट 'चल' नव्हतं. जीभ टाळूला लागून सुटायला वेळ घेत होती. 'तडकतोय'मधला त आणि ड एकमेकांत चिकटले होते.

"परत."

मी परत वाजवलं. ताईंनी स्टॉपवॉच काढलं नाही. चष्मा काढला, पदराने पुसला आणि हातातच ठेवला.

"मला वाटलं, मी रोज ऐकते म्हणून हळू वाटतंय," त्या म्हणाल्या. मग, "आणि अस्वलाचं काम होतं ना. मी त्यांना चिडवत होते, अस्वल आता मुक्कामालाच आलंय घरी म्हणून. ते हसायचे."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "दमले असतील."

"पाट्या लाव," त्या म्हणाल्या.

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला भाऊजी पाटी बोलायचे. अंक अमुक, दृश्य तमुक, टेक एक. फाइल शोधायला सोपं जातं म्हणून त्या पाट्या आम्ही ठेवत असू. ताईंनी मला सात वर्षांच्या सगळ्या फाइलींतले फक्त दोन शब्द काढायला लावले. 'टेक एक.' राजाच्या नाहीत, उंदराच्या नाहीत, कुठल्या भूमिकेतल्या नाहीत. त्यांच्या स्वतःच्या आवाजातले. मी ते तारखेने ओळीत लावले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आम्ही दोघी तेच ऐकत बसलो. टेक एक, टेक एक, टेक एक. जवळजवळ सहा वर्षं पंधरा-सोळा फ्रेम. मग एका जागी अठरा. तिथून पुढे ते खाली आलंच नाही.

"ही तारीख?" ताईंनी विचारलं.

मी सांगितली. चौदा महिने आधीची.

"त्या दिवशी आम्ही भांडलो होतो," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं होतं, नीट बोला जरा, तोंडात गोळी धरल्यासारखं काय बोलताय."

त्याच दुपारी त्या दिग्दर्शकाच्या खोलीत गेल्या. मला सोबत नेलं, आकडे दाखवायला. तो ऐकत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. म्हणाला, "ताई, तुम्ही आज घरी जा. अंक मी बघतो."

"अंक माझाच आहे," ताई म्हणाल्या. "मला फक्त दुसरा आवाज दे."

स्वागतकक्षातल्या मुलीला दोन तास मागितले. तिने दुसरा आणि तिसरा अंक सलग वाचला. अस्वल तिला जमेना, ती हसत सुटायची आणि सॉरी म्हणायची. खार मात्र झकास जमली. चाळीस फ्रेम. मग ताईंनी भाऊजींची एकेक पट्टी उचलली आणि तिच्या जागी त्या मुलीची ठेवली. मागे चित्रं आखडत गेली. हे काम मी करते म्हणाले, तर त्यांनी डावा हात वर केला.

गुरुवारी पुन्हा तीच माणसं बसली. ताई भिंतीला टेकून. तिसऱ्या अंकात कुणाचाही हात खिशाकडे गेला नाही. बर्फाचा शेवटचा तुकडा सुटतो तेव्हा मावशी चक्क पुढे सरकल्या. लांबी एकवीस मिनिटं अठ्ठावन्न सेकंद. दिग्दर्शक म्हणाला, दोन सेकंद शिल्लक आहेत, कुठे टाकायचे तिथे टाका. ताई म्हणाल्या, "कुठेच नको. चाललंय ते चालू दे."

शुक्रवारी फिल्म लॉक झाली. सोमवारी ताई भाऊजींना घेऊन डॉक्टरांकडे गेल्या.

हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. डॉक्टरांनी भाऊजींना जीभ बाहेर काढायला सांगितली. ती नुसती ठेवली होती तरी तिच्यावर बारीक थरथर होती, पाण्याखाली काहीतरी हलावं तशी. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, कधीपासून? लोक म्हणतात, झाले काही महिने. ताईंनी तारीख सांगितली आणि माझी फाइल ऐकवली. सगळे 'टेक एक' ओळीने. डॉक्टर शेवटपर्यंत ऐकत बसले. म्हणाले, बोलणं कसं बिघडत जातं ते इतकं स्वच्छ मी कधी ऐकलं नव्हतं. मग तपासण्या झाल्या. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत जाणारा आजार. भाऊजींच्यात सुरुवात जिभेपासून झालेली. पुढे गिळणं, मग हात, मग श्वास. औषध होतं, ते काही महिने पुढे ढकलायचं, इतकंच.

"चौदा महिन्यांपूर्वी आलो असतो तर?" ताईंनी विचारलं.

"फारसा फरक पडला नसता," डॉक्टर म्हणाले.

"फारसा म्हणजे किती?" ताईंनी विचारलं. डॉक्टरांना आकडा सांगता आला नाही. ताई मला म्हणाल्या, "मला सगळ्याचा आकडा लागतो, काय करू."

अ‍ॅनिमेशन चालू असतानाच त्यांनी काम सोडलं. कुणी काढलं नाही. दिग्दर्शकाने पुढची फिल्मही देऊ केली होती. पण भाऊजींना आता भरवावं लागत होतं, आणि एका घासाला किती वेळ ते ताईंनाच ठाऊक होतं. खरे कलाकार आले, त्यांनी बोलून दिलं. कच्चे आवाज नियमाप्रमाणे प्रोजेक्टमधून पुसायचे होते. ताईंचा फोन आला.

"इंजिनीअर, पुसू नकोस. सात वर्षांचं सगळं मला हवंय."

मी सगळं एका डिस्कवर भरलं. एकोणीस तास निघाले. भाऊजींचा आवाज तोवर पूर्ण गेला होता. एक टॅब्लेट मिळाला होता, त्यावर बोट ठेवलं की यंत्र बोलतं. ताईंना त्या यंत्राचा आवाज नको होता. त्यांना त्या बटणांमागे भाऊजींचा आवाज घालायचा होता.

एकोणीस तासांतून त्या शब्द वेचत बसल्या. 'पाणी' एका उंटाकडून मिळालं. 'नको' राजाकडून, तेही गर्जून. 'हो' भरपूर होते. त्यांनी त्यातला सगळ्यात साधा घेतला. 'दुखतंय' एका उंदराचा होता. दोन आठवड्यांनी त्यांचा पुन्हा फोन.

"यात ते स्वतः कुठे बोलतच नाहीत गं. टेक संपल्यावर बोलायचे ना, कपाटातून. मला हाक मारायचे, शिव्या घालायचे. ते कुठे गेलं?"

ते माझ्याच हातून गेलं होतं. टेकच्या शेवटी जे उरतं त्याला आम्ही शेपूट म्हणतो. मी कामाला लागले तेव्हा सगळ्या जुन्या फाइलींची शेपटं कापली होती, नव्या आल्या की लगेच कापत होते. जागा वाचते, काम नेटकं दिसतं. कुणी सांगितलं नव्हतं. माझीच शिस्त.

मी ताईंना तसं सांगितलं.

"तुझं काम तू नीट केलंस," त्या म्हणाल्या. ते वाक्य मला अजून कुठे ठेवावं कळत नाही.

मी सगळ्या फाइली एकेक करून शेवटून तपासल्या. आठ दिवस लागले. एक सुटली होती, नाव चुकल्यामुळे माझ्या हातून राहिलेली. कुठल्यातरी कोल्ह्याचं वाक्य, मग कपड्यांची सळसळ, मग भाऊजी. "अगं, झालं का? जीव गुदमरतोय इथे."

ते मी पेनड्राइव्हवर घालून स्वतः घेऊन गेले. दुपारची वेळ होती. भाऊजी खिडकीशी खुर्चीत होते, मान एका उशीला टेकवलेली, टेबलावर टॅब्लेट. पूर्वी या हातांनी केसाएवढाही फरक न ठेवता भिंगं घासली होती. मला बघून त्यांचे डोळे हसले. बोट हळूहळू सरकलं आणि खार बोलली, "चल चल चल, बर्फ तडकतोय."

"पाहुणे कंटाळवाणे असले की हे दाबतात," ताई म्हणाल्या. "तू आत्ताच आलीस, मनाला लावून घेऊ नकोस."

त्यांनी तिथेच बसून फाइल कापली. 'झालं का' घेतलं नाही. 'जीव गुदमरतोय' तर नाहीच नाही. फक्त 'अगं'. नऊ फ्रेम. ते एका मोठ्या बटणामागे घातलं आणि भाऊजींच्या उजव्या हाताच्या सगळ्यात जवळ ठेवलं.

"दाबून बघा," त्या म्हणाल्या, आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन पाठ करून उभ्या राहिल्या. हाक मारल्यावर वळायचं म्हणून.

भाऊजींचं बोट उचललं गेलं. टेबलावर पुन्हा पडलं. पुन्हा निघालं. दहा सेकंद गेले असतील, वीस गेले असतील. मला ते बघवेना. बटण माझ्या हाताच्या अंतरावर होतं. मी पुढे वाकले.

ताई वळल्या नाहीत. दारातूनच डावा हात वर गेला.

"थांब," त्या म्हणाल्या.

मी हात मागे घेतला. बोट वाटेत होतं.